दोन्हीकडचे आई-वडील आणि गोव्याची सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मडगावला राहते. माहेर डोंबिवली, सासर सांगली. दोन्हीकडच्या आई-वडिलांना घेऊन आम्ही गोव्यातच तीनदा सुट्टी काढली. पहिली फसली, दुसरी निभावली, तिसरी खरंच छान झाली. त्यानंतर मैत्रिणी आणि नात्यातली माणसं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागली, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरण आमच्या तिसऱ्या सहलीचं आहे: चार ज्येष्ठ, आम्ही दोघं आणि सात वर्षांची मुलगी, शनिवार दुपार ते गुरुवार सकाळ.

आधी काय ठरवायचं? ठिकाणं की तारखा?

दोन्ही नाही. आधी चौघांची घड्याळं लिहून काढा. पहिल्या खेपेला आम्ही ठिकाणांवर मतं घेतली, आणि भांडण ठिकाणावरून झालंच नाही. झालं ते जेवणाच्या वेळेवरून.

माझे सासरे पहाटे पाचला उठतात. साडेसातला नाश्ता, साडेबाराला जेवण, रात्री साडेसातला पुन्हा जेवण. मधुमेहाच्या गोळ्यांमुळे यात फार ओढाताण चालत नाही. सासूबाई पूजा झाल्याशिवाय काही खात नाहीत, त्यामुळे पहिली अंघोळ त्यांची. माझ्या बाबांची नोकरी रात्रपाळीची होती. निवृत्त झाले तरी शरीराची सवय तीच राहिली: साडेआठला उठणार, दोन कप चहा, पेपर, दोनला जेवण, रात्री साडेनऊला जेवण. आईला दुपारी तासभर आडवं व्हायलाच लागतं, गुडघे दुखतात.

हे सगळं एका कागदावर शेजारी शेजारी मांडलं, तेव्हा दिसलं की चौघंही जागे, खाल्लेले आणि उत्साहात असतील असे दिवसातले दोनच तुकडे आहेत. सकाळी दहा ते साडेबारा आणि संध्याकाळी साडेचार ते सात. सगळ्यांनी मिळून काही करायचं ते एवढ्यातच. उरलेला दिवस ज्याचा त्याचा. सासरे सहाला नातीला घेऊन किनाऱ्यावर जात आणि येताना दारावरून जाणाऱ्या पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, गरम उंडे आणि पोय घेऊन येत. रात्री नऊनंतर बाल्कांवात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, बाबा आणि मी जेवत असू. एकाच घरात दोन वेळापत्रकं चालली आणि कुणालाच कुणाची वाट बघावी लागली नाही.

पहिली सहल नेमकी कशामुळे फसली?

उत्तरेकडच्या एका गजबजलेल्या किनाऱ्यावर, एका शॅकमध्ये आम्ही टेबलाची वाट बघत बसलो. साडेसात वाजून गेले, आठ, साडेआठ. सासऱ्यांनी गोळी नेहमीच्या वेळी घेतली होती आणि जेवण काही समोर येत नव्हतं. नऊच्या सुमाराला त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. साखरेचं पाणी दिलं, पंधरा-वीस मिनिटांत बरं वाटलं. पण सासूबाई इतक्या घाबरल्या की पुढचे दोन दिवस त्या खोलीबाहेर फारशा आल्याच नाहीत. शॅक बाबांनी सुचवला होता, म्हणून ते स्वतःला दोष देत राहिले. चूक आमची, दोघांची होती. औषध आणि जेवण यातलं अंतर मतदानाला टाकायचं नसतं, हे आम्हाला कळायला हवं होतं.

तेव्हापासून माझ्या पिशवीत राजगिऱ्याचे लाडू, केळी आणि साखरेची पुडी असतेच. औषधाशी बांधलेली जेवणाची वेळ कुणासाठीही हलत नाही. बाकी सगळ्या वेळा हलू शकतात.

निवडीचा वाटा कसा पाडायचा, म्हणजे कुणाला कमी-जास्त वाटणार नाही?

ठिकाणं मोजू नका, अर्धे दिवस मोजा. आणि घराप्रमाणे वाटू नका, माणसाप्रमाणे वाटा. घराप्रमाणे दिलं की बोलका जोडीदार ठरवतो आणि दुसरा मान डोलावतो. व्याहीबुवा आणि विहीणबाई एकमेकांचा मान ठेवण्याच्या नादात आपली खरी इच्छा सांगतही नाहीत.

आमच्याकडे चार पूर्ण दिवस होते, म्हणजे आठ अर्धे दिवस. चार ज्येष्ठांना एकेक, मुलीला एक, आम्हा दोघांना मिळून एक, आणि दोन मोकळे. मोकळ्या अर्ध्या दिवसांवर कुणीही काही लादायचं नाही.

त्याला तीन नियम जोडले. जे घर निवडेल त्या घरानं घड्याळ हलवायचं, दुसऱ्यानं नाही. प्रत्येकाला एका गोष्टीला नकार देता येईल आणि कारण विचारलं जाणार नाही. आणि आदल्या रात्री सांगितलं तर कुणालाही घरी थांबता येईल, रुसवा न धरता.

वाटणी अशी झाली. रविवारची सकाळ मोकळी, संध्याकाळ मुलीची, बाणावलीच्या वाळूत किल्ले करण्यासाठी. सोमवारची सकाळ आईची, मंगेशी. संध्याकाळ मोकळी. मंगळवारची सकाळ सासऱ्यांची, चांदरचा जुना वाडा. संध्याकाळ बाबांची. बुधवारची सकाळ सासूबाईंची, संध्याकाळ आम्हा दोघांची.

बाबांनी मागितलेला अर्धा दिवस मला फार आवडला. ते म्हणाले, "मला कुठेही न्यायचं नाही. किनाऱ्यावर खुर्चीत बसेन, तळलेला बांगडा खाईन आणि आता पुढे कुठे असं कुणी विचारायचं नाही." तेही निवडीतच धरा.

आमचं घरच गोव्यात आहे. मग बाहेर भाड्याचा बंगला कशाला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. कारण एकच आहे: आपल्या घरात एक विहीण यजमान होते आणि दुसरी पाहुणी. माझ्या सासूबाई आमच्या स्वयंपाकघरात सहज वावरतात, ते त्यांच्या मुलाचं घर आहे. माझी आई तिथे पाण्याचा पेलाही विचारून घेते. मुलीच्या घरी फार राहू नये, फार खाऊ नये, या जुन्या समजुतीतलं काहीतरी तिच्या पिढीत अजून आहे आणि ते मी दोन वाक्यांत काढून टाकू शकत नाही. दुसरी सहल आम्ही घरीच केली. पाच दिवस आई ओट्याजवळ नुसती उभी राहिली, काय करू, काय चिरू, विचारत.

भाड्याच्या घरात दोघीही नव्या. डबे कुठे आहेत हे दोघींनाही माहीत नव्हतं, दोघींनी मिळून शोधलं. आमचं घर आठ किलोमीटरवर असूनही बाणावलीला बंगला घेतल्याचा मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

बंगला बघताना काय बघायचं?

शयनगृहांपेक्षा न्हाणीघरं मोजा. प्रत्येक जोडप्याला स्वतंत्र न्हाणीघर, त्यात कमोड आणि गीझर, हे नसेल तर सकाळी सात वाजता रांग लागते आणि पूजेची वेळ चुकते. फोटोत न्हाणीघर दिसत नसेल तर मालकाकडून मागवून घ्या.

मग पायऱ्या. गोव्यातल्या जुन्या घरांचं जोतं उंच असतं, बाल्कांवापर्यंतच चार-पाच पायऱ्या चढायला लागतात. तळमजल्यावर बहुतेक दोनच खोल्या मिळतात. त्या दोन्ही ज्येष्ठांना द्या. दोहोंत मोठी आणि हवेशीर कुणाला, तर ज्याचे गुडघे जास्त दुखतात त्याला. वरपक्ष म्हणून नाही, वधूपक्ष म्हणूनही नाही. आमच्याकडे ती आईला मिळाली, आणि ते सासूबाईंना मी नाही, त्यांच्या मुलानं आधी फोनवर सांगितलं. आपापल्या आई-वडिलांना आपणच सांगायचं, ही शिस्त तुम्ही दोघांनी पाळलीत तर बरेच गैरसमज होतच नाहीत.

उत्तर गोवा की दक्षिण गोवा?

अशा सहलीला दक्षिण. कोलवा, बाणावली, वार्का या पट्ट्यात किनारा सपाट आणि रुंद आहे, चालायला बरा, आणि कळंगूट-बागाच्या मानानं गर्दी कमी. मडगाव स्टेशन जवळ आहे. मांडवी आणि कोकणकन्या दोन्ही गाड्या तिथे येतात, त्यामुळे डोंबिवलीकर ठाण्याला बसून थेट आले. मिरजेहून गोवा एक्सप्रेस मडगावला येते, सांगलीकर तिनं आले. वीस डिसेंबर ते दोन जानेवारी टाळाच, भाडीही चढतात आणि रस्तेही तुंबतात.

एक घर शाकाहारी, दुसरं रोज मासे खाणारं. स्वयंपाकघर कसं चालवायचं?

"आम्ही शाकाहारी" या उत्तरावर थांबू नका. तीन वेगवेगळे प्रश्न विचारा. माशांचा वास चालतो का? त्याच टेबलावर कुणी खाल्लं तर चालतं का? त्याच भांड्यात, त्याच तेलात केलेलं चालतं का? माझ्या सासूबाईंना टेबल चालतं, भांडं चालत नाही, आणि वास सकाळी पूजेआधी चालत नाही, नंतर चालतो. हे मला लग्नानंतर नऊ वर्षांनी कळलं, कारण त्याआधी मी कधी विचारलंच नव्हतं. वास नको असेल या समजुतीनं आम्ही माझ्या आई-बाबांना उगाच उपाशी ठेवत होतो.

मग घरून एक कढई, एक तवा, दोन पातेली आणि एक उलथणं नेलं. त्यांच्या दांड्यांना लाल दोरा बांधला. लाल दोऱ्याची भांडी फक्त शाकाहारी. मासे मागच्या अंगणात वेगळ्या शेगडीवर. मडगावच्या बाजारातून इसवण, बांगडे, तिसऱ्या आणल्या. मासे बाजारातच साफ करून, कापून आणायचे, म्हणजे घरात त्याचा पसारा होत नाही. दुपारच्या जेवणात मासे असत, रात्रीचं जेवण सगळ्यांना सारखं आणि शाकाहारी. बाबांनी कधी तक्रार केली नाही, कारण दुपारी त्यांचं मन भरलेलं असायचं. एके रात्री खतखतं, म्हणजे मिश्र भाज्यांचं गोव्याकडचं कालवण केलं. दोन्ही विहिणींना त्यातल्या तेफळाचा वास नवीन होता, दोघींनी कृती लिहून घेतली.

बाहेर खाताना एक लक्षात ठेवा. गोव्यात काही भाज्यांत सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, घालण्याची पद्धत आहे. मासे-भात मिळणाऱ्या खानावळीत "भाजीत सुकं काही घातलंय का?" असं स्पष्ट विचारा. नुसतं "व्हेज आहे ना?" विचारलं तर उत्तर हो येऊ शकतं. सोलकढी मात्र निर्धास्त घ्या.

देवळाचा दिवस मासे खाणाऱ्यांवर लादल्यासारखा होत नाही का?

आमच्याकडे उलट होतं. कुलदैवत मंगेश माझ्या माहेरचं, आणि मासेही माहेरचेच खातात. दर्शनाची ओढ आईला होती. म्हणून तो अर्धा दिवस मुद्दाम सोमवारी ठेवला. सोमवारी आई-बाबा एरवीही मासे खात नाहीत, त्यामुळे त्या दिवशी सगळ्यांचं ताट आपोआप सारखं झालं.

बाणावलीहून मंगेशीला गाडीनं तासभर लागतो, म्हणजे दहा ते साडेबाराच्या तुकड्यात जाऊन-येऊन बसत नाही. इथे घड्याळाचा नियम कामी आला. निवड माहेरची, म्हणून बाबा सातला उठले. आठला निघालो, नऊला मंगेशी, मग किलोमीटरभरावर म्हार्दोळला म्हाळसेचं दर्शन. साडेबाराला फोंड्यात शाकाहारी जेवण, सासऱ्यांच्या वेळेला धरून. सोमवारी मंगेशीला संध्याकाळी पालखी असते, गर्दी तेव्हा वाढते. सकाळी निवांत झालं. अर्धी चड्डी, बिनबाह्यांचे कपडे या देवळांत चालत नाहीत, मुलांचंही बघून घ्या. कवळ्याची शांतादुर्गा, नागेशी, रामनाथी सगळी फोंड्याच्या आसपासच आहेत आणि एवढे आलोच आहोत तर हेही करू, असं कुणीतरी म्हणतंच. आईच्याच तोंडून निघालं. मी तिला म्हटलं, तुझे गुडघे दोन देवळांचे आहेत. ती हसली आणि गाडीत बसली.

देवळांच्या अग्रशाळेत खोल्या मिळतात. एका घराला तिथे आणि दुसऱ्याला किनाऱ्यावर ठेवावं का, असं एका मैत्रिणीनं विचारलं होतं. मी ठेवणार नाही. मग ती एक सहल राहत नाही.

दूधसागर, पणजी, जुनं गोवं हे सगळं चार दिवसांत कसं बसवायचं?

बसवू नका. दूधसागर अर्ध्या दिवसाच्या नावाखाली पूर्ण दिवस खातो. कुळ्यापासून जीप, मग दगडांवरून चाल, गुडघे दुखणाऱ्यांना ते जमत नाही. मिरजेकडून येणारी गाडी त्याच घाटातून येते, उजेड असेल तर तेवढं दर्शन पुरे.

सासऱ्यांनी चांदर निवडलं, कारण ते इतिहासाचे शिक्षक होते. मडगावपासून अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. ब्रागांझांच्या त्या सतराव्या शतकातल्या वाड्याचे दोन भाग आहेत आणि दोन वेगळी कुटुंबं ते सांभाळतात. जिना चढायला लागतो, म्हणून आई खाली बागेत बसली आणि सासूबाई आपणहून तिच्यासोबत थांबल्या. दीड तास दोघी बोलत होत्या. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

एक मोठी गाडी घ्यावी की दोन?

सात माणसांना टेम्पो ट्रॅव्हलर सोयीचा वाटतो, पण एकजण दमला की सगळ्यांना परतावं लागतं. दोन गाड्या बऱ्या. आम्ही आमची गाडी आणि दिवसाच्या बोलीवर एक टॅक्सी घेतली. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत, तेव्हा रात्री उशिरा रस्त्यावर टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका, परतीची आधीच ठरवा. स्वतः चालवायला भाड्यानं घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेलीच गाडी घ्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्यानं देणं बेकायदा आहे, आणि पोलिसांनी अडवलं तर सकाळ तिथेच संपते.

गाड्यांत बसताना सांगलीकर एका गाडीत आणि डोंबिवलीकर दुसऱ्या, असं करू नका. दोघे व्याही एका गाडीत, दोघी विहिणी दुसऱ्या गाडीत बसल्या, तेव्हा जाण्यायेण्याचा वेळही कामी आला.

खर्च कुणी करायचा?

बंगला आणि गाडी आम्ही दोघांनी, कारण सहल आमची कल्पना होती. रोजच्या खाण्यासाठी एक डबा. त्यात तिन्ही घरांनी सहा-सहा हजार टाकले, एकूण अठरा हजार. सात माणसं, पाच दिवस, बरंचसं घरी शिजवून ते पुरले, थोडे उरलेही. हिशेबाची वही बाबांकडे आणि डबा सासूबाईंकडे. जावयाच्या पैशानं जेवायचं बाबांना अवघड जातं, आणि वरपक्षाकडून पैसे मागायचं मला. डब्यामुळे दोन्ही टळलं. मासे आणि बाबांची काजूची फेणी डब्यातून नाही, ते त्यांचं त्यांनी.

काहीतरी बिघडतंय हे कशावरून ओळखायचं?

आवाज चढल्यावरून नाही. आपल्याकडचे ज्येष्ठ व्याह्यांसमोर आवाज चढवत नाहीत. "मी जरा पडते" दिवसातून तीनदा ऐकू आलं, कुणी जेवण खोलीतच मागितलं, किंवा परतीच्या गाडीची वेळ पुन्हा पुन्हा विचारली, तर थांबा. पुढचा अर्धा दिवस मोकळा करा आणि ज्याचे आई-वडील त्यानं एकट्यानं जाऊन त्यांच्याजवळ बसावं. सुनेनं किंवा जावयानं विचारलं तर उत्तर "काही नाही हो, सगळं छान आहे" असंच येणार.

आई-बाबांना सोडून आम्ही दोघांनी एखादी संध्याकाळ बाहेर घालवली तर चालेल?

ती वाटणीत आधीच लिहून ठेवा, म्हणजे परवानगी मागावी लागत नाही. आम्ही बुधवारी संध्याकाळी पणजीला फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून दोघंच हिंडलो. मुलगी दोन आज्यांकडे होती.

एकजण सतत "मला काहीही चालेल" म्हणत असेल तर?

त्यांचा अर्धा दिवस दुसऱ्या कुणाला देऊ नका. रिकामा ठेवा आणि थांबा. यादी पुढे करून "यातलं काय?" असं विचारलं की त्या माणसाला तुमची सोय दिसते, स्वतःची इच्छा नाही. त्यापेक्षा, लहानपणी काय बघायचं राहिलं असं विचारा, तेही कामात असताना, दुसऱ्या कुणाच्या देखत नाही.

सासूबाईंचा अर्धा दिवस मंगळवार रात्रीपर्यंत रिकामा होता. वाटाणे सोलताना त्या म्हणाल्या, "कृष्णेवर आमच्या लहानपणी नाव होती. वडील बसू देत नसत." मी लगेच काही बोलले नाही. रात्री नवऱ्याला सांगितलं.

बुधवारी सकाळी आठला निघालो. बाबा आदल्या रात्री नाही म्हणाले होते, ते झोपले, आई त्यांच्याबरोबर थांबली. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून दिवाडीला फेरीबोट जाते. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही आणि पलीकडे पोचायला काही मिनिटंच लागतात. सासूबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या, शेजारी दुचाक्या, शाळेची पोरं, भाजीची टोपली. दिवाडीला उतरलो, धक्क्याजवळ थोडं फिरलो, त्याच बोटीनं परत आलो. सासऱ्यांनी घड्याळ पाहिलं, अकरा वाजत आले होते, पणजीला जेवायला पोचायला वेळ होता. मी गाडीचं दार उघडलं. सासूबाई धक्क्यावरच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "अजून एकदा जाता येईल का गं?"

दुसऱ्या फेरीला नात आणि त्या दोघीच गेल्या.